कुणीच न मिळवलेले २९६ गुण

वाचकहो, एक साधा हिशेब करून पाहा. तुम्ही करामातल्या दुकानातून रोजचा तांदूळ पाच किलो घेतला, किलोला ८ दिरहम भावाने. त्याच वेळी सणासाठी म्हणून एक किलो चांगला बासमती घेतला, १४ दिरहमने. घरी आल्यावर कुणी विचारलं, "तांदूळ सरासरी काय भावाने पडला?" तर तुम्ही ८ आणि १४ यांची बेरीज करून, दोनाने भागून, "११ दिरहम" असं सांगाल का? नाही सांगणार. तुमच्या खिशातून ५४ दिरहम गेले आणि पिशवीत सहा किलो तांदूळ आला, म्हणजे भाव पडला ९ दिरहम. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तांदळाच्या बाबतीत आपण पक्के हिशेबी असतो.

मग मुलांच्या गुणांच्या बाबतीत आपली ही अक्कल कुठे जाते?

दर वर्षी निकालानंतर शाळांची परिपत्रकं येतात, पालकसभेत पडद्यावर रंगीत स्तंभ दिसतात, आणि शेवटी एक ठळक आकडा येतो: "शाळेची सरासरी". हा आकडा कसा काढला, असं विचारलं की पुष्कळदा उत्तर येतं, "सगळ्या तुकड्यांच्या सरासरींची सरासरी काढली." ते इतक्या सहजपणे सांगितलं जातं की समोरचा मान डोलावतो. सरासरींची सरासरी म्हणजे सरासरीच की! माझं म्हणणं असं आहे की ती शाळेची सरासरी नव्हे. तुकड्यांतल्या मुलांची संख्या वेगवेगळी असेल, तर तो आकडा शाळेतल्या मुलांबद्दल काही सांगत नाही, आणि त्याला "शाळेची सरासरी" हे नाव देणं ही दिशाभूल आहे. ती मुद्दाम केलेली असो वा नसो, परिणाम तोच.

हे मी ऊद मेथातल्या पालकांना उद्देशून लिहितो आहे, कारण दुबईत शाळांची इतकी दाटी असलेले भाग थोडेच. १९६१ साली सुरू झालेली इंडियन हायस्कूल इथे आहे, सेंट मेरीज इथे आहे, आणखीही शाळा आहेत, आणि सकाळी बसगाड्यांच्या रांगेत अडकलेल्या प्रत्येकाला हे वेगळं सांगायला नको. इथले पालक शाळांची तुलना करतात, आकडे एकमेकांना पाठवतात, आणि दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावरूनही वाद घालतात. तेव्हा तो आकडा कशाचा आहे हे आपल्याला कळलं पाहिजे. खाली जी शाळा घेतली आहे ती मात्र पूर्णपणे कल्पित आहे. तिचा या परिसरातल्या कोणत्याही शाळेशी संबंध नाही. गणित समजावं म्हणून आकडेही सोपे घेतले आहेत.

समजा, सीबीएसईच्या एका शाळेत बारावीच्या चार तुकड्या आहेत. इंग्रजी हा विषय सगळ्यांना सारखाच, प्रश्नपत्रिकाही एकच, त्यामुळे तुलना रास्त आहे. निकाल असा:

विज्ञान अ: ४२ मुलं, सरासरी ७८
विज्ञान ब: ४० मुलं, सरासरी ७४
वाणिज्य: ४४ मुलं, सरासरी ६६
मानव्य: १४ मुलं, सरासरी ८६

आता शाळा काय करते? ७८, ७४, ६६ आणि ८६ यांची बेरीज ३०४. भागिले चार. उत्तर ७६. परिपत्रकात छापून येतं, "बारावी इंग्रजी, शाळेची सरासरी ७६."

आता तांदळाचा हिशेब लावू. विज्ञान अ च्या ४२ मुलांनी मिळून ४२ गुणिले ७८, म्हणजे ३,२७६ गुण मिळवले. विज्ञान ब ने २,९६०. वाणिज्यने २,९०४. मानव्यच्या १४ मुलांनी १,२०४. एकूण गुण १०,३४४, एकूण मुलं १४०. भागाकार केला की येतात ७३.९. खरी सरासरी ही आहे. शाळेने सांगितलेली ७६ तिच्यापेक्षा दोन गुणांहून थोडी जास्त आहे.

दोन गुण म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. म्हणून उलटीकडून पाहू. १४० मुलांची सरासरी खरोखर ७६ असती, तर सगळ्यांचे मिळून १०,६४० गुण झाले असते. प्रत्यक्षात झाले १०,३४४. म्हणजे २९६ गुण असे आहेत, जे परिपत्रकात आहेत पण एकाही उत्तरपत्रिकेवर नाहीत. कुठल्याही परीक्षकाने ते दिले नाहीत, कुठल्याही मुलाने ते मिळवले नाहीत. ते फक्त चुकीच्या भागाकारातून जन्माला आले.

ते आले कुठून, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. चार तुकड्यांच्या सरासरींना चाराने भागलं की प्रत्येक तुकडीला शाळेच्या आकड्यात बरोबर पाव वाटा मिळतो. वाणिज्यचा पाव वाटा ४४ मुलांनी वाटून घ्यायचा, मानव्यचा पाव वाटा १४ मुलांनी. म्हणजे मानव्यच्या एका मुलाचं वजन वाणिज्यच्या एका मुलाच्या तिपटीहून थोडं जास्तच झालं. मानव्य शाखेच्या मुलांबद्दल माझी काही तक्रार नाही, चांगली मुलं आहेत, ८६ सरासरी काढणं सोपं नाही. पण शाळेच्या आकड्यात एका मुलाला एक मत आणि दुसऱ्याला तीन, हा कुठला न्याय? आणि ज्यांचं मत पातळ झालं ती नेमकी शाळेतली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात मागे पडलेली तुकडी आहे.

उपाय कठीण नाही. प्रत्येक तुकडीच्या सरासरीला तिच्या मुलांच्या संख्येने गुणायचं, हे गुणाकार एकत्र करायचे आणि एकूण मुलांनी भागायचं. याला भारित सरासरी म्हणतात. नाव जड आहे, काम हलकं. प्रत्येक तुकडीचा भार तिच्या डोक्यांइतका, बस्स. तुकड्यांत मुलं अगदी सारखी असतील तर भारित सरासरी आणि साधी सरासरी एकच येते. तुकड्यांची संख्या वेगळी पण सरासरी सारखी असेल, तरीही दोन्ही एकच. फरक पडतो तो दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या असतील तेव्हा. लहान तुकडीचे गुण जास्त असतील तर साधी सरासरी फुगते. लहान तुकडीचे गुण कमी असतील तर ती बसते. आपल्या उदाहरणात मानव्यची सरासरी ८६ ऐवजी ५६ असती, तर साध्या सरासरीने शाळेला ६८.५ दिले असते आणि खरी सरासरी ७०.९ आली असती. म्हणजे ही पद्धत नेहमी शाळेच्या फायद्याचीच असते असं नाही. ती कधी खुशामत करते, कधी अन्याय. भरवसा फक्त एकाच गोष्टीचा: ती मुलांचा हिशेब ठेवत नाही.

आता कुणी म्हणेल, ही कागदावरची उदाहरणं झाली, खऱ्या जगात एवढा फरक पडत नसेल. मग खरं उदाहरण घेऊ, आणि तेही आपल्या घरचं. महाराष्ट्राच्या दहावीच्या मार्च २०२४ च्या परीक्षेचा निकाल. राज्य मंडळाचे नऊ विभाग आहेत. त्यांची उत्तीर्णतेची टक्केवारी अशी होती: कोकण ९९.०१, कोल्हापूर ९७.४५, पुणे ९६.४४, मुंबई ९५.८३, अमरावती ९५.५८, नाशिक ९५.२८, लातूर ९५.२७, छत्रपती संभाजीनगर ९५.१९ आणि नागपूर ९४.७३. या नऊ आकड्यांची बेरीज करून नवाने भागा. उत्तर येतं ९६.०९. पण मंडळाने राज्याचा निकाल जाहीर केला तो ९५.८१ टक्के.

मंडळ चुकलं का? नाही, मंडळच बरोबर होतं. मंडळाने विभागांच्या टक्केवारीची सरासरी काढलीच नाही. परीक्षेला बसलेले नियमित विद्यार्थी १५,४९,३२६, त्यांतले उत्तीर्ण १४,८४,४३१. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की ९५.८१. नऊ विभागांची साधी सरासरी खरी मानली, तर उत्तीर्ण मुलांची संख्या सुमारे सव्वाचार हजारांनी वाढली असती. सव्वाचार हजार मुलं, जी नापास झाली आणि साध्या भागाकाराने पास झाली!

हा फरक कोकणाने घडवला. कोकण विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे, मुलं तीस हजारांच्या आत. मुंबई विभागात मुंबईबरोबर ठाणे, रायगड, पालघर येतात, आणि तिथे मुलं तीन लाखांच्या वर. कोकणचा निकाल वर्षानुवर्षं राज्यात वरचढ राहिला आहे आणि त्याचा कोकणी माणसाला अभिमान असणं साहजिक आहे. पण राज्यातल्या दहावीच्या मुलांत कोकणची मुलं शंभरात दोनही नाहीत. साध्या सरासरीत मात्र कोकणला नववा हिस्सा मिळतो, म्हणजे शंभरात अकरा. हाच प्रयोग उलटा करून पाहा: कोकण वगळून उरलेल्या आठ विभागांची साधी सरासरी ९५.७२ येते. एक छोटा विभाग आत घेतला की ९६.०९, बाहेर ठेवला की ९५.७२. सव्वापंधरा लाखांहून जास्त मुलं दोन्ही वेळा जिथल्या तिथे आहेत. पंधरा लाख मुलांच्या परीक्षेत जर एक छोटा विभाग आकडा असा हलवतो, तर १४० मुलांच्या शाळेत एक छोटी तुकडी काय करेल याचा विचार करा.

आता या सगळ्यातला सर्वांत गंभीर मुद्दा. सरासरींची सरासरी हा आकडा मुलांचा एकही गुण न बदलता वाढवता येतो.

समजा, दहावीच्या तीन तुकड्या आहेत, प्रत्येकी ४० मुलं, आणि गणिताची सरासरी तिन्हींत ७०. एकूण १२० मुलं, ८,४०० गुण, सरासरी ७०. इथे साधी आणि भारित एकच. आता शाळा ठरवते की हुशार मुलांची एक खास तुकडी करायची. प्रत्येक तुकडीतून चार, अशी बारा मुलं काढली. त्यांची सरासरी ९५, म्हणजे गुण १,१४०. उरलेल्या १०८ मुलांचे गुण राहिले ७,२६०. ती मुलं तीन तुकड्यांत ३६-३६, प्रत्येक तुकडीची सरासरी आता ६७.२.

नवी साधी सरासरी काढा: ९५ आणि तीन वेळा ६७.२, भागिले चार. उत्तर ७४.२. सत्तरावरून थेट चौऱ्याहत्तरच्या वर! पालकसभेत टाळ्या पडतील. "खास तुकडीच्या उपक्रमामुळे शाळेच्या सरासरीत चार गुणांची वाढ." आणि एकाही मुलाच्या उत्तरपत्रिकेवरचा एकही गुण बदललेला नाही. फक्त बारा मुलं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. उलट, ज्या तीन तुकड्यांत बहुसंख्य मुलं आहेत, त्या प्रत्येक तुकडीची सरासरी जवळजवळ तीन गुणांनी खाली आली. भारित सरासरी काढली तर ८,४०० भागिले १२०, तेव्हाही ७० आणि आताही ७०.

यातून एक कसोटी मिळते, आणि माझ्या मते ती प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी. मुलांना कोणत्याही खोलीत बसवा, शाळेची सरासरी बदलता कामा नये. बाकं हलवल्याने जो आकडा हलतो, तो मुलांच्या अभ्यासाचा नसून बाकांचा आकडा आहे. ही कसोटी साधी सरासरी पार करू शकत नाही. भारित सरासरी दर वेळी पार करते, कारण तिच्या मुळाशी एकूण गुण आणि एकूण मुलं एवढंच असतं, आणि या दोन्ही गोष्टी भिंती कुठे घातल्या यावर अवलंबून नसतात.

आखातातल्या भारतीय शाळांत हा प्रश्न पहिली-दुसरीत फारसा उभा राहत नाही, हे मान्य करतो. खालच्या वर्गांत तुकड्या भरलेल्या असतात आणि जवळपास सारख्या असतात. एका तुकडीत ४२ मुलं आणि सरासरी ७२, दुसरीत ३८ आणि ६८, अशी स्थिती असेल तर साधी सरासरी ७०, भारित ७०.१. यावरून भांडण करणाऱ्याला मीही वेडा म्हणेन. प्रश्न उभा राहतो तो वरच्या वर्गांत. दहावीनंतर काही मुलं पुढच्या शिक्षणासाठी भारतात जातात, शाखा फुटतात, विज्ञान आणि वाणिज्यला गर्दी होते आणि एखाद्या शाखेत बारा-पंधरा मुलं उरतात. दुसऱ्या भाषेच्या गटांचंही तसंच, एका भाषेला भरगच्च वर्ग तर दुसरीला मूठभर मुलं. म्हणजे नेमक्या ज्या वर्गांचे निकाल जाहिरातीत झळकतात, तिथेच तुकड्या सर्वांत विषम असतात. जिथे आकड्याला सर्वांत जास्त किंमत, तिथेच तो सर्वांत जास्त चुकतो.

आणि या चुकीची किंमत घराघरांत मोजली जाते. आपल्या कल्पित शाळेतल्या एका मुलीला इंग्रजीत ७५ मिळाले. परिपत्रकातली सरासरी ७६. आईबाबा म्हणतात, "शाळेच्या सरासरीच्याही खाली!" लगेच शिकवणीची चौकशी सुरू होते, संध्याकाळचं खेळणं बंद होतं. खरी सरासरी ७३.९ आहे, मुलगी तिच्या वर आहे. पण हे तिला कोण सांगणार? दुसरीकडे वाणिज्यच्या ४४ मुलांना खरोखर मदतीची गरज आहे. त्यांची सरासरी ६६ आहे. पण व्यवस्थापनाच्या टेबलावर आकडा पोचतो ७६ चा, आणि ७६ पाहून कोण जादा तासांसाठी शिक्षक देईल? ज्यांना गरज नाही त्यांना घाबरवायचं आणि ज्यांना गरज आहे त्यांना झाकून टाकायचं, अशी दोन्ही कामं हा एक आकडा एका दमात करतो.

शाळांच्या बाजूने जे युक्तिवाद ऐकू येतात त्यांतला एक मला विचार करण्यासारखा वाटतो. तो असा: "आमच्यासाठी प्रत्येक तुकडी सारखीच. प्रत्येक तुकडीमागे एक शिक्षक आहे, त्याचं काम आम्हाला मोजायचं आहे. मोठ्या तुकडीच्या शिक्षकाला जास्त वजन का द्यायचं?" हा प्रश्न बिनबुडाचा नाही. शाळेतली तुकडी सर्वसाधारणपणे कशी कामगिरी करते, असा प्रश्न असेल, तर साधी सरासरी हेच त्याचं उत्तर आहे. पण मग त्या आकड्याला "तुकड्यांची सरासरी" म्हणा. "आमच्या शाळेतल्या विद्यार्थ्याला सरासरी इतके गुण मिळतात" असं म्हणू नका. पालक शाळा निवडतो तेव्हा तो तुकडी दाखल करत नाही, मूल दाखल करतो. त्याचा प्रश्न मुलांबद्दल असतो आणि उत्तरही मुलांचंच हवं.

दुसरा युक्तिवाद सोयीचा असतो: "आमच्याकडे तुकड्यांच्या सरासरी तयार असतात, पुन्हा सगळे गुण कोण गोळा करणार?" याला उत्तर एका ओळीचं आहे. सगळे गुण पुन्हा गोळा करायची गरजच नाही. तुकडीची सरासरी आणि मुलांची संख्या एवढं पुरतं. तक्त्यात स्तंभ C मध्ये मुलांची संख्या आणि स्तंभ D मध्ये सरासरी असेल, तर शाळा आज लिहिते ते पहिलं सूत्र आणि लिहायला हवं ते दुसरं:

```
=AVERAGE(D2:D5)
=SUMPRODUCT(C2:C5,D2:D5)/SUM(C2:C5)
```

पहिलं ७६ देतं, दुसरं ७३.९. टंकायला दहा सेकंद जास्त लागतात, एवढाच काय तो खर्च.

इथे एका बारकाव्यावर मात्र थांबलं पाहिजे, कारण सुधारायला निघालेली शाळाही इथे घसरते. मुलांची संख्या म्हणजे पटावरची की परीक्षेला बसलेली? उत्तर: जितक्या मुलांच्या गुणांतून तुकडीची सरासरी निघाली, तितकीच. समजा, वाणिज्यच्या पटावर ४८ मुलं होती आणि चार गैरहजर राहिली. त्या चौघांच्या रकान्यात काहीच लिहिलं नसेल किंवा AB लिहिलं असेल, तर AVERAGE त्यांना सोडून देतं आणि ६६ ही ४४ मुलांची सरासरी असते. तेव्हा भारही ४४ चाच द्यायचा, ४८ चा नाही. पण कारकुनाने त्या चौघांपुढे शून्य लिहिलं असेल, तर तेच सूत्र त्यांना धरून चालतं आणि तुकडीची सरासरी थेट ६०.५ वर येते. एका तुकडीने गैरहजेरीला रिकामा रकाना ठेवला आणि दुसरीने शून्य लिहिलं, तर नंतर कितीही काळजीपूर्वक भार लावा, तुलना आधीच बिघडलेली असते. संख्या मोजण्यासाठी COUNT वापरावं, कारण ते फक्त आकडे मोजतं. COUNTA वापरलं तर AB सुद्धा एक मूल म्हणून मोजलं जातं.

आपल्या हाती आलेला आकडा चुकीच्या पद्धतीने काढला आहे हे पालकाला कसं ओळखता येईल? परिपत्रकात तुकड्यांच्या सरासरी दिल्या असतील तर त्यांची बेरीज करून तुकड्यांच्या संख्येने भागा. शाळेचा आकडा हुबेहूब जुळला आणि तुकड्या लहानमोठ्या आहेत हे तुम्हाला ठाऊक असेल, तर संशयाला जागा आहे. शाळेतल्याच कुणी मुलांच्या मूळ यादीवरून पिव्हट टेबल केलं असेल, तर त्यातली शेवटची एकूण ओळ पाहा. ती ओळ सगळ्या मुलांवरून हिशेब करते, म्हणजे आपोआप भारित असते. ती ओळ आणि परिपत्रकातला आकडा वेगळे निघाले, तर "पूर्णांक करताना थोडा फरक पडला असेल" हे स्पष्टीकरण मान्य करू नका. तुकड्यांच्या सरासरी दशांशाच्या एका स्थळापर्यंत दिलेल्या असतील, तर त्यामुळे शाळेच्या सरासरीत पडणारा फरक फार तर ०.०५ चा. दोन गुणांचा फरक त्यातून निघत नाही.

आणि एक मर्यादाही सांगितली पाहिजे. तुकड्यांच्या नुसत्या सरासरी हातात असतील आणि मुलांची संख्या नसेल, तर खरी सरासरी काढता येत नाही. कुणाला म्हणजे कुणालाच नाही. ती सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त सरासरीच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढंच खात्रीने म्हणता येतं. आपल्या उदाहरणात ६६ आणि ८६ च्या मध्ये, म्हणजे वीस गुणांच्या पट्ट्यात कुठेही. म्हणून मुलांची संख्या न देता तुकड्यांच्या सरासरी छापणारं परिपत्रक अर्धवट आहे. ते वाचणाऱ्याला तपासाची सोय ठेवत नाही, आणि जो आकडा तपासता येत नाही त्यावर विश्वास ठेवायला सांगणं ही शाळेला न शोभणारी गोष्ट आहे. याच शाळा आपल्या मुलांच्या उत्तरपत्रिकेवर "पायऱ्या दाखवा" असं लाल शाईने लिहितात ना?

तेव्हा वाचकहो, पुढच्या पालकसभेत आवाज चढवायची गरज नाही. दोन ओळींची विनंती लिहून द्या: "निकालपत्रकात प्रत्येक तुकडीच्या सरासरीशेजारी परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांची संख्या द्यावी. शाळेची सरासरी एकूण गुण भागिले एकूण विद्यार्थी अशी काढावी." बहुतेक शिक्षकांना हे पटेल, गणिताच्या शिक्षकांना तर नक्कीच, कारण भारित सरासरी ते स्वतःच वर्गात शिकवतात. ज्यांना पटणार नाही, त्यांना विचारा की तांदूळ कोणत्या भावाने पडला.

आणि तरीही आकडा बदलला नाही, तर तुम्ही स्वतः बदलून घ्या. तुकड्यांची पटसंख्या मुलांना तोंडपाठ असते, त्यांनाच विचारा. कागदावर चार गुणाकार, एक बेरीज, एक भागाकार. येईल तो आकडा कदाचित परिपत्रकापेक्षा कमी असेल, पण त्यातला प्रत्येक गुण कुणीतरी लिहून मिळवलेला असेल.